गुडघा सरळ कर, की रेषा मागे टाक?

जागेवरून लांब उडी ही शाळेच्या मैदानावरची सगळ्यांत बिनखर्चाची चाचणी. चुन्याची एक रेषा आणि मोजायला एक टेप, एवढ्यावर भागतं. रेषेमागे दोन्ही पाय ठेवून उभं राहायचं, हात झुलवायचे, गुडघे वाकवायचे आणि झेप घ्यायची. धावत यायला परवानगी नाही, त्यामुळे जे काही होतं ते एका क्षणात होतं.

2010 साली जेरेड पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 120 तरुण-तरुणींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगात हीच उडी होती. एका गटाला सांगितलं होतं की उडी मारताना गुडघे होतील तितक्या झटकन सरळ करण्यावर लक्ष द्या. दुसऱ्या गटाला सांगितलं होतं की सुरुवातीच्या रेषेपासून जास्तीत जास्त लांब जाण्यावर लक्ष द्या. दोन्ही गटांना नवं तंत्र शिकवलं नव्हतं की आठवडाभर सराव दिला नव्हता. फरक होता तो एका वाक्याचा. गुडघ्यांचा विचार करणाऱ्यांची सरासरी उडी सुमारे 177 सेंटिमीटर भरली आणि रेषेचा विचार करणाऱ्यांची 187. मैदानावर दहा सेंटिमीटर मिळवण्यासाठी मुलं महिनोन्‌महिने घाम गाळतात.

पहिली शंका अशी येते की दुसऱ्या गटानं जोर जास्त लावला असेल. ती तपासणं सोपं आहे. पायाखाली जोर मोजणारी पाटी ठेवली की जमिनीला किती रेटा दिला ते कळतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विल वू, पोर्टर आणि ब्राऊन यांनी तेच मोजलं, आणि निकाल गंमतीचा निघाला. दोन्ही सूचनांमध्ये पायांनी लावलेला सर्वांत मोठा जोर जवळजवळ सारखाच होता, तरी लांबच्या जागेचा विचार केला की उडी लांब जात होती. पुढे 2016 साली दुसऱ्या एका अभ्यासानं यातली फट शोधली. फरक जोरात नव्हता, दिशेत होता. शरीर जमिनीवरून कोणत्या कोनात सुटतं, यावर उडीची लांबी बरीच अवलंबून असते, आणि लक्ष बाहेर असताना तो कोन जास्त फायद्याचा पडत होता.

यात माझ्या मते अर्धं कोडं सुटतं. उडी गुडघा मारत नाही. मांडीचा सांधा उघडतो, मग गुडघा, मग घोटा. हात आधीच पुढे झेपावलेले असतात, धड पुढे झुकलेलं असतं, आणि हे सगळं सेकंदाच्या लहानशा भागात, ठरलेल्या क्रमानं घडतं. गुडघ्याला ‘तू आधी आणि झटकन’ असं सांगितलं की तो सांगितलेलं करतो. पण धड पुरेसं पुढे झुकायच्या आत तो सरळ झाला, तर तोच जोर माणसाला पुढे न्यायचा तो वर उचलतो.

या सगळ्या संशोधनाची सुरुवात मात्र मैदानावर झाली नाही, पाण्यावर झाली. गाब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधिकेला शिडाच्या फळीवरून पाण्यात सैर करायचा नाद होता. वाऱ्याचा वेग न सोडता फळी वळवण्याची एक अवघड युक्ती त्या शिकत होत्या. हात शिडाच्या दांड्यावर कुठं धरायचे, कोणत्या पायावर किती भार द्यायचा, असं ज्यात सांगितलं होतं त्या सूचना त्या मनात घोळवत आणि पुनःपुन्हा पाण्यात पडत. कंटाळून त्यांनी हात-पाय डोक्यातून काढून टाकले आणि फळी किती कलते आहे एवढंच बघायचं ठरवलं. फळी वळू लागली.

असा अनुभव खेळणाऱ्या अनेकांना येतो आणि विसरला जातो. वुल्फ यांनी तो प्रयोगशाळेत नेला. त्यांनी वोल्फगांग प्रिन्झ आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर 1998 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यात बर्फावरच्या स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणारं एक यंत्र होतं. दोन वाकडे रूळ, त्यांवर चाकांची एक पाटी, आणि पाटीला मधोमध खेचून धरणारे जाड रबरी पट्टे. पाटीवर उभं राहायचं आणि रबराच्या ताणाविरुद्ध ती उजवीकडे-डावीकडे जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची. एका गटाला सांगितलं, बाहेरच्या बाजूच्या पायानं जोर लावा. दुसऱ्याला सांगितलं, बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जोर लावा. तिसऱ्या गटाला यातलं काहीच सांगितलं नाही.

चाकं होती पायांच्या बरोबर खाली. पायानं जोर लावला की तो चाकांवरच पडणार आणि चाकांवर लावायचा म्हटला तर पायानंच लावणार. दोन्ही सूचना कृतीच्या दृष्टीनं एकच, वेगळा होता तो फक्त मनाचा मुक्काम. तरी चाकांचा विचार करणाऱ्यांचे झोके जास्त लांब गेले. एवढंच नव्हे, नंतरच्या एका दिवशी सगळ्यांना कसलीही सूचना न देता पुन्हा यंत्रावर चढवलं, तेव्हाही चाकांचाच गट पुढे होता. दोन वाक्यांतलं अंतर इतकं बारीक ठेवलेला प्रयोग म्हणून मला हा उडीच्या प्रयोगापेक्षा जास्त पटतो.

आता प्रश्न असा की शरीराला हे कळतं कसं? वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं उत्तर थोडक्यात असं: हालचाल चालू असताना आपण एखाद्या अवयवाकडे जाणून लक्ष दिलं की तिच्यावर देखरेख करू लागतो, आणि एरवी आपोआप चालणाऱ्या दुरुस्त्यांच्या आड येतो. लक्ष परिणामावर ठेवलं, म्हणजे फळीवर, चेंडूवर, कड्यावर किंवा रेषेवर ठेवलं, की मेंदूला काय साधायचं ते कळतं, आणि कोणता स्नायू केव्हा आवळायचा ते खालच्या पातळीवर परस्पर ठरतं.

हे उत्तर नुसतं ऐकायला बरं असून चालत नाही, त्यातून मोजता येण्याजोगं काही निघावं लागतं. तसं दोन बाजूंनी निघालं.

पहिली बाजू तोल सांभाळण्याची. मधोमध टेकू दिलेली लाकडी फळी असते, दोन्ही बाजूंनी खाली-वर होणारी. तिच्यावर उभं राहून दीड मिनिट ती आडवी ठेवायची. इथं एका गटाला पाय एका पातळीत ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्याला पायांसमोर फळीवर लावलेल्या खुणा एका पातळीत ठेवायला सांगितलं. नजर दोघांचीही समोर होती, खुणांकडे कुणी बघत नव्हतं. खुणांच्या गटाचा तोल चांगला राहिलाच. शिवाय फळीची हालचाल बारकाईनं तपासली तेव्हा दिसलं की ते जास्त वेळा, पण अगदी लहान लहान दुरुस्त्या करत होते. पायांकडे लक्ष देणाऱ्यांच्या दुरुस्त्या कमी वेळा आणि मोठ्या होत्या. बारीक आणि जलद दुरुस्ती ही प्रतिक्षिप्त यंत्रणेची खूण, कारण विचार करून एवढ्या वेगानं काही करता येत नाही. 2001 सालच्या एका प्रयोगात तर तोल सांभाळत असतानाच मध्येच आवाज वाजवला आणि हातातलं बटण दाबायला लावलं. खुणांकडे लक्ष असणाऱ्यांनी बटण लवकर दाबलं. म्हणजे तोलासाठी त्यांचं डोकं कमी अडकलेलं होतं. पुढे असंही आढळलं की खुणा पायांपासून दूर लावल्या की फायदा वाढतो. पायाच्या अगदी जवळची खूण मनाला पुन्हा पायाकडेच ओढत असावी.

दुसरी बाजू स्नायूंची. कातडीवर चकत्या चिकटवून स्नायूतली विद्युत हालचाल मोजता येते. 2005 सालच्या एका प्रयोगात बास्केटबॉलच्या मोकळ्या फेकीवर हे करून पाहिलं. एकदा चेंडू फेकताना मनगटाच्या हालचालीवर लक्ष द्यायचं, एकदा कड्यावर. कड्याकडे लक्ष असताना चेंडू जास्त नेमका जात होता, आणि दंडाच्या पुढच्या आणि मागच्या, म्हणजे बायसेप आणि ट्रायसेप या दोन्ही स्नायूंमधली विद्युत हालचाल कमी भरली. हे दोन स्नायू एकमेकांच्या विरुद्ध काम करतात, एक कोपर वाकवतो आणि दुसरा सरळ करतो. दोघेही गरजेपेक्षा जास्त आवळले की हात ताठरतो, आणि त्यातली बरीच शक्ती चेंडूला मिळत नाही, एकमेकांना अडवण्यात जाते. विशेष म्हणजे सूचना मनगटाची होती आणि ताण वाढला दंडात. लक्ष एका ठिकाणी टोचलं की गडबड शेजारीही पसरते. डार्ट फेकण्यावरच्या 2010 सालच्या प्रयोगातही तेच चित्र दिसलं: लक्ष फळीकडे असताना नेम चांगला आणि ट्रायसेप शांत.

म्हणजे थोडक्यात, स्नायूचा विचार केला की स्नायू जास्त काम करतो आणि काम कमी होतं. नेमबाजाला आणि उडी मारणाऱ्याला हा तोटा आहे. पण जिममध्ये जाऊन बघा.

तिथं आरशासमोर डंबेल उचलणाऱ्या मुलाला ट्रेनर ओरडून सांगत असतो, ‘वजन उचलू नकोस, मसल पिळ!’ आणि त्याचं चुकत नाही. त्या मुलाला डंबेल कुठं पोचवायचं नसतं, त्याला बायसेप वाढवायचा असतो. स्नायूनं गरजेपेक्षा जास्त राबावं, उधळपट्टी करावी, हीच त्याची इच्छा. एकाला जो दोष वाटतो तो दुसऱ्याचा हेतू आहे, आणि या विषयावर जिममध्ये आणि मैदानावर होणारे बरेचसे वाद एवढं न पाहिल्यामुळे होतात.

2018 साली ब्रॅड शोनफेल्ड यांच्या गटानं हे आठ आठवडे करून पाहिलं. व्यायामाची सवय नसलेले 30 तरुण घेतले. आठवड्यातून तीन दिवस, हात वाकवण्याचा एक व्यायाम आणि यंत्रावर पाय सरळ करण्याचा एक, प्रत्येकी चार सेट. अर्ध्यांना प्रत्येक वेळी स्नायू आवळण्याची आठवण करून दिली, अर्ध्यांना वजन वर नेण्याची. आठ आठवड्यांनी दंडाच्या पुढच्या स्नायूची जाडी पहिल्या गटात 12.4 टक्के वाढली आणि दुसऱ्यात 6.9 टक्के. मांडीच्या पुढच्या स्नायूत मात्र दोन गटांत फरक पडला नाही. एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की दंड जाणीवपूर्वक आवळायची आपल्याला लहानपणापासून सवय असते, मांडी तशी वेगळी जाणवत नाही. ते खरं असेलही, पण 30 माणसांवरच्या एका प्रयोगातून एवढं मोठं अनुमान काढायला मी धजणार नाही.

या युक्तीला वजनाचीही मर्यादा आहे. बाकावर उताणं झोपून छातीवरून बारबेल वर ढकलण्याचा व्यायाम सगळ्यांच्या परिचयाचा आहे. 2016 सालच्या एका प्रयोगात मुरलेल्या 18 पुरुषांना तो करताना कधी छातीच्या, तर कधी ट्रायसेपच्या स्नायूवर लक्ष द्यायला सांगितलं. त्या त्या स्नायूची विद्युत हालचाल खरोखर वाढली, पण एका हद्दीपर्यंतच. समजा एखाद्याला एका वेळी जास्तीत जास्त 100 किलो ढकलता येतं. तर 60 किलोपर्यंत त्याला मन लावून एखाद्या स्नायूला जास्त राबवता येतं. 80 किलोवर ते जमत नाही. कारण उघड आहे: बारबेल छातीवर पडू नये म्हणून तिथं सगळ्याच स्नायूंना जुंपावं लागतं, निवडीला वाव उरत नाही. आणि ज्याला फक्त जास्तीत जास्त जोर काढायचा आहे त्यानं तर स्नायूचा नाद सोडावाच. कोपराच्या हालचालीचा जोर यंत्रावर मोजला तेव्हा दांड्याकडे लक्ष देणाऱ्यांनी स्नायूंची कमी हालचाल करून जास्त जोर काढला होता.

आता मुरलेल्या खेळाडूंकडे येऊ, कारण तिथं आणखी एक वळण आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरबेज पोहणाऱ्यांना एकदा ‘हात मागे ओढा’ आणि एकदा ‘पाणी मागे ढकला’ असं सांगितलं. हाताचा विचार केला की त्यांचा वेग घटला. पण पाण्याचा विचार केला म्हणून तो वाढलाही नाही. काहीच न सांगता ते जितके वेगानं पोहत तितकेच पोहले. सर्कशीतल्या जागतिक दर्जाच्या कसरतपटूंवर वुल्फ यांनी केलेल्या तोलाच्या प्रयोगात तर त्यांना कोणतीही सूचना न देणंच उत्तम ठरलं. मुरलेल्या माणसाचं लक्ष जिथं हवं तिथं आधीच असतं. त्याला बाहेरची सूचना दिली तरी ती एक जादाची सूचनाच असते.

नवशिक्याचं चित्र वेगळं आहे. 2002 साली सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंना खांबांमधून चेंडू नेत असताना तो पायाच्या नेमक्या कोणत्या बाजूला लागतो आहे याकडे लक्ष ठेवायला लावलं. अनुभवी खेळाडू मंदावले. नवख्यांना मात्र, दुसऱ्याच कशात लक्ष गुंतवण्यापेक्षा, पायाकडे बघणं सोयीचं पडलं. आणि याच अनुभवी खेळाडूंना त्यांच्या नेहमीच्या पायाऐवजी दुसऱ्या पायानं चेंडू न्यायला लावल्यावर तेही नवख्यांसारखेच वागले. म्हणजे ‘अनुभवी’ हा शिक्का माणसावर नसतो, त्या त्या हालचालीवर असतो.

इथं एक सावधगिरी. गेल्या पंचवीस वर्षांत यावर शेकडो प्रयोग झाले. 2021 साली वुल्फ यांचाही सहभाग असलेल्या एका मोठ्या आढाव्यात बाहेर लक्ष देण्याचा फायदा जवळपास सगळीकडे दिसतो असं मांडलं गेलं. 2024 साली त्याच नियतकालिकात ब्रॅड मॅके आणि सहकाऱ्यांचा आढावा आला आणि त्यानं जवळपास उलट सूर लावला. त्यांचा आक्षेप असा की यातले बहुतेक प्रयोग मोजक्या माणसांवरचे, आणि ज्यांत फायदा दिसला ते छापले जाण्याची शक्यता जास्त. न छापलेल्यांचा हिशेब धरला तर सरासरी फायदा खूप लहान उरतो, किंवा नक्की सांगता येत नाही इतका. उडीच्या प्रयोगालाही एक टोचणी लावता येते. मोजायची होती लांबी, आणि एका गटाला लांबीचाच विचार करायला सांगितलं होतं. दुसऱ्याला एका सांध्याचा, तोही वेगाचा. हे दोन विचार तोलामोलाचे नाहीत. ‘बाहेर लक्ष’ जिंकलं की ‘चांगली सूचना’ जिंकली, हे त्यातून सुटत नाही. दवाखान्यातलं चित्रही संमिश्र आहे. पक्षाघातानंतरच्या रुग्णांना हाताच्या हालचालीऐवजी मगाकडे आणि बशीकडे लक्ष द्यायला सांगून रिकामा मग बशीत ठेवायला लावला, तेव्हा हालचाल जलद झाली असं 2002 साली दिसलं होतं. पुढच्या अभ्यासांत तो फायदा प्रत्येक वेळी मिळालेला नाही.

तरीही प्रशिक्षकांच्या बोलण्याचा विचार करावासा वाटतो. अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेल्या धावपटू-फेकपटूंना पोर्टर यांनी विचारलं की सरावात तुमचे प्रशिक्षक काय सांगतात. सुमारे 85 टक्के जण म्हणाले, शरीर कसं हलवायचं ते. आपल्या मैदानांवर याहून वेगळं ऐकू येतं असं मला वाटत नाही. ‘कोपर वर’, ‘खांदा पाड’, ‘मनगट फिरव’, ‘गुडघा उचल’ हीच आपलीही भाषा. ती सोडून द्यावी असं नाही. चूक कुठं आहे हे प्रशिक्षकाला शरीरातच दिसतं. पण दिसलेली चूक जशीच्या तशी खेळाडूच्या कानात घालायची गरज नसते. फेकीत मनगट ढिलं पडतं आहे हे दिसलं, तर ‘चेंडू कड्याच्या मागच्या काठाला लागू दे’ असं सांगून बघता येतं.

असं करून बघायचं असेल तर मोजणी नीट करावी, नाहीतर मनाला हवं ते दिसतं. उडीच घ्या. पहिल्या दोन-तीन उड्या शरीर गरम होण्यात जातात, त्या धरू नयेत. मग काहीही न सांगता काही उड्या मोजाव्यात. हा आकडा नसेल तर पुढचे दोन्ही आकडे लंगडे. त्यानंतर दोन सूचना आलटून पालटून द्याव्यात, कारण आधी सगळ्या गुडघ्याच्या आणि मग सगळ्या रेषेच्या घेतल्या तर थकवा की सूचना ते कळणार नाही. दोन उड्यांमध्ये दम खाऊ द्यावा. बाहेरची सूचना देताना रेषेऐवजी तीन मीटरवर एखादी वस्तू ठेवून तिच्याकडे झेप घ्यायला सांगावं. पोर्टर यांच्याच पुढच्या प्रयोगात जवळच्या रेषेपेक्षा दूरच्या लक्ष्यानं उडी आणखी लांब गेली होती. आणि दोन दिवसांनी, कोणतीही सूचना न देता, पुन्हा मोजावं. त्या दिवशीचा आकडा शिकण्याचा असतो, आधीचा फक्त त्या क्षणाचा. उडीच्या लांबीबरोबर मुलगा उतरतो कसा तेही बघावं. लांब गेला पण गुडघे आत वळवून टेकला, तर ती सूचना बदलायला हवी.